एकाच पोत्यातला भरडा, मग एकच गाय का पडली?

*"आमच्या दोन एचएफ संकरित गाई आहेत. थोरली तीन महिन्यांपासून रोज आठ किलो खुराक खाते: पाच किलो मक्याचा भरडा, तीन किलो गव्हाचं पीठ. धाकटी बारा दिवसांपूर्वी व्याली आणि चौदा लिटरवर आली. तिला दोन किलो गोळी पेंड चालू होती. दीर म्हणाले, हिलाही थोरलीसारखं लावा, वीसवर जाईल. दोन दिवसांत तिला आठ किलोवर नेलं. त्याच आठवड्यात कडबा संपला, म्हणून नुसती उसाच्या वाढ्यांची बारीक कुट्टी टाकत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने गव्हाणीला तोंड लावलं नाही. शेण पातळ, आंबूस वासाचं. डोळे खोल गेले, पाय उचलून उचलून टाकत होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं, सोडा दिला, ॲसिडोसिस म्हणाले. वाचली, पण दूध सातवर आलं. भरडा एकाच पोत्यातला, मग थोरलीला काही कसं झालं नाही? दीर म्हणतात पोत्यात बुरशी असणार. आता हिला खुराक द्यायचा की बंदच करायचा?"*
— एक भगिनी, संगमनेर तालुका

ताई, बुरशीचं आधी मिटवू. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली, गठ्ठे हाताला आले, कुबट वास आला, तर दिरांचं खरं. पण तसं असतं तर थोरलीनेही चार दिवसांत खाणं कमी केलं असतं. भरडा चांगला होता असंच मी धरून चालतो, आणि दिरांचा सल्लाही वाटतो तितका वेडा नव्हता. गाईला शरीरासाठी दीड-दोन किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक, हा हिशेब गोठ्यात सगळेच धरतात. चौदा लिटरला तो साडेसातच्या जवळ जातो. म्हणजे आठ किलो हा आकडा एकटा गुन्हेगार नाही. तो दोन दिवसांत गाठला, आणि त्यात पेंडीऐवजी सगळा मका-गहू आला, तिथे घोटाळा झाला.

हे कळायला कोटीपोट आतून कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. शिकत असताना आमच्याकडे एक गाय होती, तिच्या डाव्या कुशीला कायमची खिडकी बसवलेली, रबरी झाकणाची. गाय आरामात रवंथ करत उभी, आणि आम्ही खांद्यापर्यंत हातमोजा चढवून आत हात घालायचो. पहिल्यांदा जाणवते ती ऊब, आपल्या अंगापेक्षा थोडी जास्त. वर हवा. तिच्याखाली चाऱ्याचा जाड थर तरंगत असतो, चटईसारखा, हात रोवला तर अडतो. त्याच्या खाली पातळ पाणी, आणि तळाशी बारीक झालेला, जड, शेणाकडे जायला निघालेला माल. हात आत असतानाच सगळं पोट एकदा आवळतं आणि सैल होतं. दोन मिनिटांत साधारण तीनदा. चांगल्या वाढलेल्या गाईचं हे पोट शंभर लिटरच्या पुढचं असतं. घरच्या पाण्याच्या टिपाचा अंदाज घ्या, त्याच्या निम्म्याहून जास्त.

आता मुद्द्याची गोष्ट. गाईला स्वतःला कडबा पचवता येत नाही. तिच्या अंगात कडब्याचा तंतू तोडणारा एकही रस तयार होत नाही. ते काम त्या कोमट पाण्यात राहणारी जिवाणूंची वस्ती करते. त्या पाण्याच्या एका थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. सोबत त्यांच्याहून मोठे, सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसणारे आदिजीव, आणि थोड्या बुरश्याही असतात. म्हणजे बुरशी पोटात असतेच, दिरांना सांगा, पण ती कामाची. ही वस्ती चारा आंबवते आणि त्यातून आम्लं तयार करते. मुख्य तीन: ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. गाय जगते ती याच आम्लांवर. तिला लागणाऱ्या ताकदीचा साधारण सत्तर टक्के भाग त्यातून येतो. तेव्हा पोटात आम्ल होणं हा आजार नव्हे. ते झालं नाही तर गाय उपाशी मरेल. आजार, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला ॲसिडोसिस, होतो तो आम्ल तयार होण्याचा वेग आणि ते हटवण्याचा वेग यांचा मेळ तुटला की.

आम्ल हटवायला गाईकडे दोन वाटा आहेत. एक, कोटीपोटाच्या आतल्या भिंतीवर टॉवेलसारखी लव असते. बारीक बारीक बोटंच म्हणा. त्यांतून आम्ल रक्तात शोषलं जातं. दुसरी, लाळ. गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते, आणि त्या लाळेत सोडा असतो, आपल्या स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्याच्याच जातीचा. दिवसभरातला तो सोडा मोजला तर किलोच्या कितीतरी पुढे जाईल. पण ही लाळ तोंड हललं तरच सुटते. लांब कडबा खाताना आणि मग तासन्‌तास रवंथ करताना ती वाहते. पीठ आणि भरडा चार घासांत पोटात जातो, त्याला चावायचंच नसतं. बारीक कुट्टीचंही थोडंफार तसंच. म्हणजे धाकटीच्या पोटात आम्ल वाढवणारा माल ज्या आठवड्यात आला, त्याच आठवड्यात सोड्याची टाकी अर्धी झाली. कडबा संपला हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते ती ओळ पत्रातली सगळ्यात महत्त्वाची आहे.

खुराक चौपट झाला असं वाटतं, पण खुराकातलं पिष्ट मोजून बघा. दोन किलो गोळी पेंडीत कोंडा, सरकी, तेल काढून उरलेली डीओसी पेंड असा सगळा मिसळलेला माल असतो, त्यात पिष्ट अर्धा-पाऊण किलोच्या आसपास. मका आणि गहू म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश पिष्टच. आठ किलोत ते पाच किलोच्या वर गेलं. म्हणजे वाढ चौपट नव्हे, सात-आठ पट, तीही दोन दिवसांत. त्यात गहू मक्यापेक्षा लवकर आंबतो, आणि पीठ भरड्यापेक्षा लवकर. जितकं बारीक दळाल तितकी जिवाणूंना खायला जागा जास्त. वर ताज्या व्यालेल्या गाईची भूक अजून पुरती उघडलेली नसते. धाकटी सगळं मिळून अकरा किलोच्या आसपास कोरडा माल खात असेल. त्यात सात किलो खुराकाचा, म्हणजे चारा उरला चार किलो. निम्म्याहून जास्त चारा हवा, अगदी ओढाताण झाली तरी चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ नये. तिच्या वाट्याला तेवढाही आला नाही.

मग आत काय झालं? शेतातल्या मातीचा सामू तुम्हाला माहीत आहे, तोच इथेही मोजतात. चाऱ्यावरच्या गाईच्या कोटीपोटाचा सामू साडेसहाच्या मागेपुढे असतो, बरा खुराक असला की सहाच्या आसपास. संध्याकाळी चार किलो पीठ-भरडा आत पडला. पहिले दोन-तीन तास नेहमीसारखेच, फक्त वेग जास्त. आम्ल साचू लागलं, सामू सहाच्या खाली आला. इथे पहिला बिघाड: तंतू तोडणारे जिवाणू सहाच्या खाली सुस्तावतात. चारा पचणं मंदावलं, पोट जड झालं, गाईने रवंथ थांबवलं, म्हणजे लाळही थांबली. आदिजीव एरवी पिष्टाचे कण गिळून ठेवतात आणि हळूहळू वापरतात. आपल्याकडचे जुने लोक कणगीत धान्य ठेवायचे तसं. त्यामुळे सगळं पिष्ट एकदम आंबत नाही. पण सामू साडेपाचच्या खाली गेला की ते मरायला लागतात, आणि कणगी फुटते.

आता मैदान एका जातीला मोकळं मिळतं. स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस. हा जिवाणू नेहमीच पोटात असतो, थोडा, गप्प. मोकळं पिष्ट आणि साखर मिळाली की वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. कागदावर हिशेब करा, चार तासांत एकाचे चार हजारांवर. एवढ्या घाईत तो वेगळंच आम्ल सोडतो, लॅक्टिक, दह्यातलं. हे आम्ल नेहमीच्या तिघांपेक्षा दहापट तिखट. सामू पाचच्या खाली घसरतो, तिथे स्ट्रेप्टोकॉकसलाही जगवत नाही, पण त्याची जागा घेतात लॅक्टोबॅसिलस, आंबट पाण्यातच रमणारे, आणि तेही लॅक्टिकच बनवतात. 1952 साली अमेरिकेत रॉबर्ट हंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या अशाच तीव्र अपचनात पोटातली वस्ती कशी पालटते ते मोजून मांडलं होतं. गाईतही तेच घडतं.

लॅक्टिक आम्ल खाणारे जिवाणूही पोटात असतात. मेगास्फेरा नावाचे त्यांत मोठे. त्यांचं काम चालू असतं तेव्हा स्ट्रेप्टोकॉकसने सोडलेलं लॅक्टिक साचतच नाही, ते पुन्हा गाईला चालणाऱ्या आम्लांत बदललं जातं. पण ते सावकाश वाढतात. रोज थोडं थोडं लॅक्टिक मिळत राहिलं तरच त्यांची संख्या उभी राहते, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. भिंतीवरची ती बोटं तर आणखी हळू. आटलेल्या काळात नुसत्या चाऱ्यावर ती आखडतात, आणि खुराक सुरू झाल्यावर पुन्हा लांब व्हायला चार ते सहा आठवडे घेतात.

थोरलीचं उत्तर हेच, ताई. तीन महिन्यांत तिच्या पोटात लॅक्टिक खाणारी वस्ती बसलेली आहे, बोटं लांब झालेली आहेत, आणि तिची भूकही मोठी आहे, त्यामुळे चारा जास्त जातो. त्याच पोत्यातला तोच भरडा तिथे पडला की त्याचं दूध झालं. धाकटीच्या पोटात तो दोन दिवसांत पडला, तेव्हा घेणारं कोणी तयार नव्हतं.

तिचे डोळे का खोल गेले, तेही यातच आहे. कोटीपोटातलं पाणी लॅक्टिकने दाट झालं की ते रक्तातलं पाणी स्वतःकडे ओढतं, मीठ चोळलेल्या काकडीला पाणी सुटतं तसं. म्हणून पोटात पाणी साचलं आणि अंग कोरडं पडलं. डाव्या भकाळीत मूठ दाबून हलवलं असतंत तर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला असता. तेच पाणी पुढे आतड्यात उतरलं, ती हगवण. तिला जंताची हगवण समजू नका. पाय उचलून टाकत होती त्याचं कारण खुरात आहे. आम्लाने कोटीपोटाची भिंत सोलपटते, मेलेल्या जिवाणूंचं विष रक्तात उतरतं, आणि खुराच्या आतला जिवंत थर सुजतो. नखाखाली ठेच लागली तर कसं होतं तेच, चारही पायांना.

ही चूक मीही केली आहे, दुसऱ्या टोकाने. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका लग्नघरी बोलावलं होतं. मांडवातला उरलेला भात आणि बुंदी रात्री कोणीतरी प्रेमाने गाईपुढे ओतली होती. मला ते कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पातळ शेण पाहिलं, हगवण बंद करायचं औषध दिलं आणि जेवून परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. तेव्हापासून पातळ शेणाच्या प्रत्येक गाईपाशी माझा पहिला प्रश्न एकच असतो: काल काय खाल्लं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर फोन उचलायच्या आधीच उत्तर माहीत असतं. पुरणपोळी एक द्या, मानाची. परातभर नको.

तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबरच. पुन्हा कधी अशी शंका आली, गाय गोणीत तोंड घालून सापडली किंवा खुराक चुकून दोनदा पडला, तर ती आजारी दिसायची वाट पाहू नका. लक्षणं दिसायला बारा तासांपासून दीड दिवसापर्यंत वेळ लागतो. पहिले काही तास ती छान दिसते, आणि तेच तास हातचे असतात. खुराक लगेच उचला, पुढे फक्त लांब कडबा ठेवा, डॉक्टरांना किती किलो खाल्लं ते आकड्यात सांगा. पाण्याची बादली एकदम पुढे करू नका, थोडं थोडं दाखवा. पोट आधीच पाण्याने ताणलेलं असतं. उभी राहत असेल तर सावकाश फिरवा. सोड्याचं पाणी बाटलीने जबरदस्ती पाजू नका. मान वर ओढली की ते फुप्फुसात जातं, आणि आम्लातून वाचलेली गाय न्युमोनियाने जाते. शिवाय सोडा आम्लाला भिडला की वायू सुटतो, फुगलेल्या पोटात तो भर घालतो. किती आणि कसा, ते डॉक्टरांनाच नळी घालून करू द्या. फार खाल्लं असेल तर नळीने पोट धुऊन काढतात. तेही पुरणार नाही असं वाटलं तर कुशीतून कोटीपोट उघडून माल बाहेर काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण वेळेत केलं तर गाय उठते. गोडेतेल मात्र यावरचा उपाय नाही. ते फेसाच्या पोटफुगीवर चालतं, आम्लाला त्याचं काही वाटत नाही.

आता धाकटीचं पुढे. खुराक बंद करायचा नाही. पण पुन्हा पहिल्या पायरीपासून जायचं, कारण तिची वस्ती त्या रात्री बरीचशी मेली आहे. सात लिटर दूध त्याचंच. कडबा कुठूनही मिळवा, ज्वारीचा मिळाला तर उत्तम, आणि तो बोटभर-दीड बोटभर लांबीचा ठेवा, पिठासारखा कापू नका. पहिले तीन-चार दिवस फक्त कडबा, थोडे वाढे आणि एक किलो जुनीच गोळी पेंड. तुमच्या डॉक्टरांना एक विचारा: थोरलीच्या कोटीपोटातलं दोन-चार लिटर पाणी नळीने काढून हिला पाजता येईल का? ते करणारे आहेत, आणि जमलं तर नवी वस्ती बसायला त्याहून चांगलं बियाणं नाही. तुमच्या गोठ्यातच तयार आहे.

मग रोज पाव किलो वाढवा. त्याहून जास्त नाही. एक किलोवरून सात किलोवर जायला चोवीस दिवस लागतील, लागू द्या. या वेळी नुसता मका-गहू नको. गव्हाचं पीठ पूर्ण बंद. सात किलोत तीन किलो मक्याचा भरडा, तोही रव्यापेक्षा जाडा, आणि बाकी चार किलोत सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा निम्मा-निम्मा. शेवटपर्यंत हेच प्रमाण ठेवा, म्हणजे वाढवताना फक्त वजन बदलेल, माल नाही. दोन वेळचं तीन-चार वेळांत वाटा. चार किलो एकदम आणि दोन-दोन किलो दोनदा यांत कोटीपोटाला फार फरक पडतो. आणि खुराकाच्या आधी कडबा पडलेला असावा. उपाशी पोटी पीठ गेलं की चटईच नसते, ते सरळ पाण्यात विरघळतं. खुराक चार किलोच्या पुढे गेला की त्यात रोज शंभर ते दीडशे ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळा, डॉक्टरांना विचारून. पण तो लाळेतल्या सोड्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. दीड किलोच्या कामाला शंभर ग्रॅम पुरे पडत नाहीत.

वाढवताना पायरी चुकतेय हे गाय सांगते. दुपारी दीडच्या सुमारास गोठ्यात जा, गाई बसलेल्या असताना. आपण गेलो म्हणून उठू देऊ नका, लांबून बघा. तोंड चालू आहे का, आणि एका घासाला किती वेळा चावते ते मोजा. पन्नास-साठच्या आसपास असेल तर ठीक. चाळीसच्या खाली जाऊ लागलं तर दुसऱ्या दिवशीची वाढ थांबवा, दोन-तीन दिवस तिथेच थांबा. शेणाची एक मूठ पिठाच्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. अख्खे मक्याचे तुकडे, बुडबुडे, किंवा पांढरट शेंबडासारखी खळ दिसली तर पिष्ट न पचता खाली उतरतंय. एक दिवस खूप खाते, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवते, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाते, असं झुलणं दिसलं तर आत आम्ल वर-खाली होतंय असं समजा.

आणि इथे थोरलीबद्दल एक शंका. तिला काही झालं नाही असं तुम्ही लिहिता, पण ती आठ किलो मका-गव्हावर आहे, आणि कडबा तिचाही संपला होता. मोठा ॲसिडोसिस दिसतो, छोटा दिसत नाही. दिवसातले चार-पाच तास सामू साडेपाचला टेकतो आणि पुन्हा वर येतो, गाय खाते, दूध देते. तो दिसतो डेअरीच्या चिठ्ठीवर. रोज छोट्या फरकाने फॅट घसरत जातं. कारण दुधातलं फॅट बरंचसं ॲसेटिक आम्लातून बनतं, ते तंतूतून येतं, आणि तंतू तोडणारे जिवाणू आंबट पाण्यात सुस्त असतात. 3.8 चं 3.5 झालं, 3.5 चं 3.1 झालं, आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, तसंच राहिलं, तर पाणी घातल्याचा आरोप व्हायच्या आधी गव्हाणीत बघा. पाण्याने दोन्ही आकडे पडतात, आम्लाने मुख्यतः फॅट. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून निघतो, म्हणजे 3.1 ला वाढवलेल्या लिटराचे पैसे कुठे गेले ते तुम्हीच काढा. मी तुमच्या जागी असतो तर थोरलीचंही गव्हाचं पीठ दहा-बारा दिवसांत हळूहळू काढून तिथे कोंडा आणि सरकी आणली असती. दूध अर्धा लिटर कमी होईल कदाचित. फॅट वर आलं तर हिशेब बरोबरीला येतो.

धाकटीच्या खुरांकडे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. त्या रात्रीची सूज खुराबरोबर खाली सरकत येते, आडवी रेघ किंवा तळव्याला रक्ताळलेला डाग म्हणून दिसते. लंगडली तर "दगडावर पडली असेल" म्हणून सोडू नका, खूर कापणाऱ्याला तारीख सांगा. पुढच्या वेळी ती गाभण राहून आटली की व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत तिला त्याच मिश्रणाचा खुराक रोज दोन किलोपर्यंत चालू करा, म्हणजे व्याल्यावर सुरुवात शून्यापासून होणार नाही.

डेअरीच्या चिठ्ठ्या आजपासून फेकू नका. गोठ्यात खिळा ठोका, दोन्ही गाईंचं दूध आठवड्यातून एकदा तरी वेगवेगळं तपासून घ्या आणि त्या दिवशीचा खुराक चिठ्ठीच्या मागे लिहा. महिन्याभराने पुन्हा पत्र लिहाल तेव्हा त्या चिठ्ठ्या उतरवून शेजारी घेऊन बसा. मग दिरांशीही आकड्यांनी बोलता येईल.